चपाती बंद केली, रिपोर्ट निगेटिव्ह आला

रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा मी रिक्षात होते. ‘टीटीजी आयजीए : १७’, आणि शेजारी छापलेलं, २० पर्यंत निगेटिव्ह. म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतडं बिघडतं तो सीलिॲक आजार मला नाही. आनंद व्हायला हवा होता, पण मी हिरमुसले. वर्षभर काय होतंय ते कुणाला सांगता येत नव्हतं. निदान नाव तरी मिळेल असं वाटलं होतं, तेही गेलं.

सुरुवात झाली होती रक्त कमी असण्यापासून. हिमोग्लोबिन ८.१, शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ४. केस विंचरायला हात वर धरले तरी भरून यायचे. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, त्या मी इमानेइतबारे पाच महिने घेतल्या, आणि हिमोग्लोबिन ८.६ झालं. पाच महिन्यांत अर्धा. थॅलेसेमियाचा अंश आहे का ते तपासलं, नव्हता. पाळीला जास्त जातं का, हे प्रत्येकाने विचारलं, तसंही नव्हतं. शेवटी ‘गोळ्या नियमित घेता ना?’ हा प्रश्न तीन वेगवेगळ्या टेबलांपलीकडून ऐकला.

बाकी तक्रारी अशा, की त्या सांगायलाही लाज वाटावी. पोट गच्च होणं, दिवसातून तीनदा पातळ होणं, महिन्यातून दोनदा तोंड येणं. एक गोष्ट मात्र माझी मला लक्षात आली होती. माझं माहेर सोलापूरचं. तिथे दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, चपाती पाहुणे आले की. लग्नानंतर पुण्यात रोज सकाळ-संध्याकाळ चपाती. माहेरी आठ-दहा दिवस राहिले की पोट शांत व्हायचं. आई म्हणायची, माहेरचं अन्न मानवतं. मीही तसंच धरून चालले होते. मग योगवर्गातल्या एका ताईंनी सांगितलं, गहू सोड, बघ फरक. दिवाळीच्या करंज्या संपल्या आणि मी गहू सोडला. तीन आठवड्यांत पोट फुगायचं थांबलं. तोंड येणंही गेलं. मी तर जो भेटेल त्याला सांगत सुटले होते.

फेब्रुवारीत हे सगळं मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मग एकदा सीलिॲकची रक्ततपासणी करून टाकू. चिठ्ठी दिली. गहू बंद असताना ही तपासणी करू नये, हे त्यांनी सांगितलं नाही आणि लॅबमध्येही कुणी विचारलं नाही. उपाशीपोटी आलात का, एवढं विचारलं. त्याची खरं तर या तपासणीला गरजच नसते.

निगेटिव्ह रिपोर्ट आणि न वाढणारं हिमोग्लोबिन घेऊन मी पोटविकारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी रिपोर्ट पाहिला, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, “गहू शेवटचा कधी खाल्ला होता?”

“दिवाळीला. करंज्या.”

त्यांनी पेन काढलं आणि रिपोर्टच्या समासात लिहिलं, ‘गहू बंद, सुमारे ४ महिने’. म्हणाले, “हा निगेटिव्ह नाही. याला काही अर्थच नाही. आग विझवून झाल्यावर धूर आहे का बघायला गेल्यासारखं आहे हे.”

मग त्यांनी नीट समजावलं. गव्हात, जवात आणि राय नावाच्या धान्यात ग्लूटेन हे प्रथिन असतं. ते आपल्या पोटात पुरतं पचत नाही, काही तुकडे तसेच राहतात. आतड्याच्या भिंतीत टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं एक एन्झाइम असतं, तेच टीटीजी. ते या तुकड्यांत थोडा बदल करतं. ज्यांच्यात विशिष्ट जनुकं आहेत त्यांच्या प्रतिकारशक्तीला हे बदललेले तुकडे शत्रू वाटतात. गंमत अशी, की त्या झटापटीत शरीर स्वतःच्याच त्या एन्झाइमविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार करू लागतं. या अँटिबॉडी ज्याच्याविरुद्ध असतात ते नेमकं हेच एन्झाइम, हे जर्मनीतल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं, आणि त्यानंतर ही सोपी रक्ततपासणी आली.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो पुढच्या वाक्याला. “ही तपासणी तुम्हाला आजार आहे का ते बघत नाही. आत्ता, या आठवड्यांत, ती झटापट चालू आहे का ते बघते.” ग्लूटेन येणं थांबलं की कारखाना थंडावतो आणि रक्तातल्या अँटिबॉडी हळूहळू उतरतात. कुणाच्या काही महिन्यांत उतरतात, कुणाच्या वर्षभराने. आतडंही भरून यायला लागतं. आजार मात्र तिथेच असतो, गव्हाची वाट बघत.

“पण मग १७ तरी का आले? दोन-तीन यायला हवे होते ना?” मी विचारलं. त्यावर त्यांनी माझ्या खाण्याची उलटतपासणी घेतली. भाकरी, भात ठीक. थालीपीठ? दर एक दिवसाआड. भाजणी घरची? हो, सासूबाईंची. गहू असतो तिच्यात? मी गप्प. असतो, चांगला वाटीभर. मेतकूट? त्यातही असतो. हिंग कुठला? बाजारातला डबीतला बांधणीचा हिंग निव्वळ हिंग नसतो, त्यात बहुतेकदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. आणि ज्वारी गिरणीवर गव्हाच्या पाठोपाठ दळून येते, ते वेगळंच. “तुम्ही गहू बंद केलाच नव्हता,” ते म्हणाले, “कमी केला होता. बरं वाटेल इतका कमी, आणि तपासणी बिघडेल इतकाही कमी.”

मी वाद घातला. गहू सोडल्यावर मला बरं वाटतंय, मग आयुष्यभर सोडते, कागदावर नाव कशाला हवं? त्यांचं उत्तर मला तेव्हा आवडलं नव्हतं. बरं वाटणं हा पुरावा नाही, म्हणाले. गव्हात ग्लूटेनशिवाय फ्रुक्टान नावाची साखरेच्या जातीची द्रव्यंही असतात, कांद्या-लसणात असतात तीच. ज्यांचं आतडं नुसतं संवेदनशील असतं त्यांचं पोट या द्रव्यांनीही फुगतं आणि गहू सोडला की त्यांनाही बरं वाटतं. त्यांनी कधीमधी पुरी खाल्ली तर बिघडत नाही. सीलिॲक असेल तर चिमूटभर पिठाचाही हिशेब ठेवावा लागतो, हाडांची घनता तपासावी लागते, भावंडं आणि मुलं तपासावी लागतात. आणि सीलिॲक नसेल तर तुमचं रक्त कुठे जातंय ते अजून शोधायचं आहे. मला एक मुलगी आहे, सात वर्षांची. त्यांची शेवटची दोन वाक्यं मला पटली.

गहू न खाता करता येईल अशी एक तपासणी होती, ती आधी केली. एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकं. ती जन्मापासून असतात, खाण्यावर अवलंबून नाहीत. दोन्ही नसली तर सीलिॲक जवळजवळ नाहीच म्हणता येतं, आणि पुढचा सगळा त्रास वाचतो. असली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण धडधाकट लोकांतही ती पुष्कळांना असतात. माझं डीक्यू२ निघालं. म्हणजे दार बंद झालं नाही, एवढंच कळलं. त्याच वेळी एकूण आयजीए मोजलं. काही जणांच्या शरीरात मुळात आयजीए जातीच्या अँटिबॉडी फारशा बनतच नाहीत, आणि सीलिॲकच्या रुग्णांत असे लोक इतरांपेक्षा जास्त सापडतात. त्यांची टीटीजी आयजीए आजार असूनही कमीच दिसते, मग आयजीजी जातीची तपासणी करावी लागते. माझं एकूण आयजीए व्यवस्थित होतं.

आता उरलं एकच. पुन्हा गहू खायचा. याला ते ग्लूटेन चॅलेंज म्हणतात.

रोज किती, हे मी घरच्या काट्यावर मोजून काढलं, कारण ‘नेहमीसारखं खा’ यावर माझा भरवसा नव्हता. आमच्या एका चपातीला कोरडं पीठ ३० ग्रॅम लागतं. त्यात प्रथिन साधारण साडेतीन ग्रॅम आणि त्यातलं तीन-चतुर्थांशाच्या आसपास ग्लूटेन. म्हणजे एका चपातीत अडीच ग्रॅमच्या थोडं वर. डॉक्टरांना रोजचे दहा ग्रॅम हवे होते. चार चपात्या, दोन वेळांत वाटून, आठ आठवडे. सहन झालंच नाही तर निदान रोज दीड चपाती आणि निदान दोन आठवडे, पण मग तपासणीचा भरवसा कमी. कारण आतडं दोन आठवड्यांत बिघडू लागलं तरी रक्तातल्या अँटिबॉडी मागून सावकाश चढतात. घाईने थांबलं तर रक्त परत निगेटिव्ह यायचं आणि सगळं मुसळ केरात. चॅलेंजच्या आधी त्यांनी लोहाचं सलाईन लावलं, म्हणजे रक्त अजून खाली जायला नको. सतत उलट्या, अंगातलं पाणी जाणं किंवा ताप असं काही झालं तर फोन करून थांबायचं, असंही ठरलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुरू केलं. पहिले दोन दिवस काही नाही. मला वाटलं, बघा, उगाच घाबरले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसात साडीची निरी सैल करावी लागली, इतकं पोट फुगलं. होळीला सासूबाईंनी पुरणपोळ्या केल्या. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला औषध म्हणून पुरणपोळी वाढली असेल. पाडव्याला श्रीखंड-पुरी तशीच. ज्या पदार्थांसाठी चार महिने जीव टाकला होता ते समोर होते आणि मी घड्याळाकडे बघत गिळत होते, कारण खाल्ल्यावर दोन तासांनी काय होणार ते माहीत झालं होतं. दुसऱ्या आठवड्यात तोंड आलं. चौथ्या आठवड्यात दुपारी टेबलावर डोकं ठेवून झोपायला लागले. नवरा म्हणाला, सोड हे. मी सोडलं नाही, त्याचं एक कारण असं, की आता सोडलं तर हे चार आठवडे वाया जातील आणि कधीतरी पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल.

चौथ्या आठवड्याला रक्त दिलं, त्याच लॅबमध्ये, कारण लॅब बदलली की किट बदलतं, आकडे बदलतात आणि तुलना करता येत नाही. ३८. आठव्या आठवड्याला १२६.

मला वाटलं झालं, आता तोंडातून दुर्बीण घालून आतड्याचे तुकडे काढायचे, ती बायॉप्सी कशाला? लहान मुलांत टीटीजी मर्यादेच्या दहापट किंवा त्याहून जास्त असेल, आणि दुसऱ्या वेळी काढलेल्या रक्तात ईएमए नावाची दुसरी अँटिबॉडीही सापडली, तर बायॉप्सीशिवाय निदान मानायला युरोपातल्या बालरोग पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने मान्यता दिली आहे. मी मूल नव्हते आणि माझा आकडा दहापटही नव्हता. थोडीफार वाढलेली टीटीजी यकृताच्या काही आजारांतही दिसते. उलट नुसती बायॉप्सीही पुरत नाही, आपल्याकडे तर नाहीच. ट्रॉपिकल स्प्रू हा उष्ण प्रदेशातला आतड्याचा आजार, जिआर्डियाचा जंतुसंसर्ग, एवढंच काय ओल्मेसार्टन हे रक्तदाबाचं साधं औषधही आतड्याचं तसंच चित्र करू शकतं. रक्त आणि आतडं, दोघांनी एकच साक्ष द्यायला हवी.

दुर्बिणीच्या दिवशी आठ तास उपाशी. सोबत कुणीतरी हवं, कारण गुंगीचं इंजेक्शन देतात. घशात फवारा मारतात तो कडू जहर असतो. मिनिटभरात जीभ दुसऱ्या कुणाची तरी आहे असं वाटतं आणि आवंढा गिळला की नाही ते कळत नाही. डाव्या कुशीवर झोपवलं, दातांत प्लास्टिकची कडी दिली. मी इंजेक्शन थोडं कमी द्या म्हणाले होते, बघायचं होतं म्हणून. पडद्यावर काही क्षण दिसलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, ड्युओडेनममध्ये, आडव्या घड्या असतात. त्यांच्या कडा गुळगुळीत असायला हव्यात. माझ्या कडा कुरतडल्यासारख्या होत्या, झालरीसारख्या. डॉक्टर नर्सला म्हणाले, “स्कॅलपिंग बघ.” मग बारीक चिमट्याने तुकडे घेतले. दुखत नाही, आतड्याच्या अस्तराला त्या चिमट्याचं दुखणं कळत नाही. फक्त एक हलका ओढा जाणवला, तोही बहुधा घशात.

सहा तुकडे, प्रत्येक तांदळाच्या कणीएवढा. चार खालच्या भागातून, दोन अगदी सुरुवातीच्या फुगीर भागातून, आणि दोन वेगळ्या बाटल्यांत. आजार सलग पसरत नाही. चट्ट्याचट्ट्यांनी असतो, एकच तुकडा घेतला आणि तो नेमका चांगल्या जागेचा निघाला तर फसगत होते. आणि सुरुवातीच्या भागाला पोटातल्या आम्लाचा त्रास होत असतो, तिथली सूज वेगळी ओळखता यावी म्हणून बाटली वेगळी.

मी उठून बसल्यावर पहिला प्रश्न विचारला, आता चपाती बंद ना? “रिपोर्ट येईपर्यंत नाही,” डॉक्टर म्हणाले. तुकडे तिरपे कापले गेले किंवा अपुरे पडले तर पुन्हा घ्यावे लागतात. ते सात दिवस आठ आठवड्यांपेक्षा लांब वाटले. शेवटच्या दिवशी मी सकाळी चार वाजता पोट धरून बसले होते आणि आठ वाजता पुन्हा चपाती खाल्ली.

रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, मार्श ३बी, म्हणजे आतडं किती बिघडलंय त्याची पायरी. आतड्याच्या अस्तरावर बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात, व्हिलाय. त्यांच्यामुळे अन्न शोषायला कितीतरी जास्त जागा मिळते. आजारात आधी अस्तरात पांढऱ्या पेशी घुसतात, मग व्हिलायच्या तळाशी असलेल्या खळग्या लांबतात, मग व्हिलाय झिजतात. ३बी म्हणजे पुष्कळ झिजले आहेत, पण पूर्ण सपाट झालेले नाहीत. अस्तराच्या दर शंभर पेशींमागे घुसलेल्या पांढऱ्या पेशी पंचवीसच्या आत असाव्यात, माझ्या ५५ होत्या. आणि लोह मुख्यतः शोषलं जातं ते ड्युओडेनममध्येच. पाच महिन्यांच्या गोळ्या गेल्या कुठे, त्याचं उत्तर त्या ओळीत होतं. गोळ्या मी नियमित घेत होते हो.

त्याच दिवशी गहू गेला. या वेळी खरोखर गेला, भाजणी, मेतकूट आणि हिंगासकट. ज्वारी दळायला घरघंटी घेतली. सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.९ झालं, गोळ्या त्याच, डोस तोच. टीटीजी १२६ वरून ४१.

बायॉप्सीचा रिपोर्ट आला त्या संध्याकाळी उत्साहाच्या भरात मी सगळ्या घरालाच ज्वारीवर आणणार होते. एकच स्वयंपाक, एकच पीठ, पोरगीही सुरक्षित. पिठाचा डबा रिकामा करायला घेतला आणि हातातच राहिला. आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यात साधारण दहात एकाला हा आजार सापडतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मुलीची तपासणी अजून व्हायची होती. मी तिचा गहू बंद केला असता तर काही महिन्यांनी तिचाही रिपोर्ट माझ्यासारखाच कोरा आला असता, आणि मग सात वर्षांच्या पोरीला आजारी पाडायला रोज मोजून चपात्या भरवाव्या लागल्या असत्या.

डबा परत भरला. तिच्या चपात्या तेव्हापासून नवरा करतो, वेगळ्या पोळपाटावर, वेगळ्या तव्यावर. पंधरा दिवसांनी तिचं रक्त दिलं. टीटीजी ४, एकूण आयजीए ठीक. तूर्त नाही. पुढे कधीही होऊ शकतो, म्हणून ठरावीक काळाने पुन्हा बघायचं, आणि मध्ये कधी वाढ खुंटली, रक्त कमी झालं किंवा पोट बिघडत राहिलं तर लगेच. फायलीत लावण्याआधी मी तिच्या रिपोर्टच्या समासात पेनाने लिहिलं, ‘गहू चालू, रोज ३ चपात्या’.